घाटातली रात्र का गाळावी लागली

जेम्स बाल्डविन या अमेरिकी लेखकाचे वडील 29 जुलै 1943 रोजी वारले. खरं तर ते सावत्र वडील, पण बाल्डविनने लेखात त्यांना वडीलच म्हटलं आहे. अंत्यविधीच्या दिवशीच बाल्डविनला एकोणीस वर्षं पूर्ण झाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत दंगल उसळली आणि दफनभूमीकडे निघालेली गाडी फुटलेल्या काचांच्या खचातून गेली. बारा वर्षांनी, 1955 साली, या दिवसांवर लिहिलेला त्याचा लेख प्रसिद्ध झाला. ‘नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन’ हे त्याचं पुस्तकातलं नाव. आत्मपर लेखाचा विषय निघाला की तो लेख आजही वाचला आणि शिकवला जातो.

या लेखात एक विचित्र गोष्ट आहे. वडील, अंत्यविधी आणि दंगल हा विषय असताना मध्येच एक लांबलचक प्रसंग येतो आणि त्यात वडील कुठेच नाहीत. वडील जाण्याच्या आधीचं सुमारे वर्षभर बाल्डविन न्यू जर्सीत युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या हॉटेलांमध्ये काळ्यांना वाढत नसत. शेवटच्या रात्री एका गोऱ्या मित्राबरोबर तो ट्रेंटन शहरात फिरायला गेला. एका खाणावळीने नकार दिल्यावर तो मुद्दाम एका झगमगीत हॉटेलात शिरला आणि टेबलाशी जाऊन बसला. वाढपी बाई आली आणि तेच ठरलेलं वाक्य बोलली. त्याने समोरचा पाण्याचा मग उचलून तिच्यावर फेकला. नेम चुकला आणि बारमागचा आरसा फुटला. लोक अंगावर धावून आले आणि तो जीव घेऊन पळाला.

शब्दमर्यादेच्या धाकात असलेल्या एखाद्या संपादकाने हा प्रसंग पहिल्याच वाचनात गाळला असता. वडिलांच्या मृत्यूवरच्या लेखात ट्रेंटनचं हॉटेल कशाला, असं त्याला वाटलं असतं. पण हा प्रसंग काढला तर लेख कोसळतो. बाल्डविनचे वडील धर्मोपदेशक होते. मनात साठलेल्या कडवटपणाने त्यांना पोखरलं होतं, आणि शेवटी तर घरचेच आपल्या जिवावर उठले आहेत असं त्यांना वाटू लागलं होतं. लेखाचा विषय वडील असला तरी त्याचा प्रश्न वेगळा आहे: वडिलांना ज्या विषाने मारलं ते माझ्यातही उतरलंय का, आणि उतरलं असेल तर मी जगायचं कसं? ट्रेंटनच्या त्या रात्री बाल्डविनला कळतं की आपला खून होऊ शकला असता आणि आपणही खून करायला निघालो होतो. वडील जिवंत असताना परके वाटणारे ते विष त्याला स्वतःच्या हातात दिसतं. म्हणून वडील नसलेला हा प्रसंग लेखाचा कणा आहे.

लांबलेला आत्मपर लेख कापायला बसणाऱ्याने हा फरक आधी डोक्यात पक्का करावा. प्रसंग विषयाला धरून आहे का, हे विचारून फारसं काही हाती लागत नाही, कारण लेखकाने लिहिलेलं जवळपास सगळंच विषयाला धरून असतं. आजीवरच्या लेखातला प्रत्येक प्रसंग आजीचाच असणार. मग सगळेच प्रसंग राहतात आणि लेखक विशेषणं कापत बसतो. विशेषणांनी तीन हजार शब्दांचे अठ्ठावीसशे होतात, पंधराशे होत नाहीत.

शब्द छाटण्याचं तंत्र वेगळं आणि ते आपल्या जागी उपयोगाचंच आहे. अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकात पूर्वी पानाच्या मापात मजकूर बसला नाही की लेखकाकडे परत यायचा आणि त्याने हिरव्या पेन्सिलीने सांगितलेल्या संख्येइतक्या ओळी खोडायच्या असत. जॉन मॅकफी यांनी हा प्रकार लिहून ठेवला आहे आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांकडूनही ते तो करून घेत. तिथे अट अशी की काही काढलंय हे वाचकाला कळता कामा नये. पाच ओळी जास्त असतील तेव्हा हीच पद्धत हवी. लेख दुप्पट झाला असेल तेव्हा मात्र पेन्सिल ओळींवर न चालवता अख्ख्या प्रसंगांवर चालवावी लागते, आणि त्यासाठी आधी प्रश्न सापडलेला असावा लागतो.

काम कसं चालतं हे दिसावं म्हणून एक लेख रचून पाहू. दिवाळी अंकाने सोळाशे शब्द मागितले आहेत आणि खर्डा बत्तीसशेवर गेला आहे. लेखकाचे वडील एसटीत कंडक्टर होते, कराड–चिपळूण मार्गावर. खर्ड्यात आठ तुकडे आहेत. पहिला एसटीच्या इतिहासाचा: 1 जून 1948, पुणे ते अहमदनगर धावलेली पहिली गाडी आणि नंतर गावोगाव पोचलेला लाल डबा. साडेतीनशे शब्द. दुसऱ्यात लेखक लहानपणी वडिलांबरोबर गाडीतून जातो. वडील प्रत्येक प्रवाशाला नावाने हाक मारतात, पाटणच्या एका म्हातारीचे डोळ्यांचे थेंब कराडहून आणून तिच्या हातात ठेवतात. पाचशे शब्द. तिसरा प्रसंग कुंभार्ली घाटात दरड कोसळली त्या रात्रीचा. वडिलांनी चाळीस प्रवाशांना रात्रभर धीर दिला, खालच्या वाडीतून चहा आणि भाकरी मिळवून आणली. सहाशे शब्द, आणि संपूर्ण खर्ड्यातलं सर्वांत रंगलेलं लेखन.

चौथा तुकडा तीनशे शब्दांचा आहे. एके दिवशी डेपोत रोकड भरताना अकरा रुपये कमी भरले. वडिलांनी ते खिशातून घातले आणि घरी येऊन वेबिलाचे आकडे एका कागदाच्या पाठीवर पुन्हा पुन्हा मांडत बसले. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. पाचव्यात शाळेतला एक मुलगा खाकी गणवेशावरून चिडवतो, साडेतीनशे शब्द. सहाव्यात एसटी कर्मचाऱ्यांचा 2021-22 चा संप आणि निवृत्त वडिलांची त्यावरची मतं, अडीचशे शब्द. सातव्यात निवृत्तीनंतर वडील रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसतात, चारशे शब्द. आठव्यात वडील गेल्यावर कुठकुठली अनोळखी माणसं भेटायला येतात, साडेचारशे शब्द. बेरीज बत्तीसशे.

ही यादी खरोखर कागदावर लिहायची असते, समासात, शब्दसंख्येसकट. डोक्यात ठेवून चालत नाही. संख्या दिसल्याबरोबर पहिली गोष्ट ही कळते की जो प्रसंग आपल्याला लेखाचा गाभा वाटत होता त्याला तीनशे शब्द मिळालेत आणि नुसत्या रंगणाऱ्याला सहाशे.

मग प्रश्न शोधायचा. ‘माझे वडील कसे होते?’ हा प्रश्न म्हणता येत नाही, कारण त्याचं उत्तर कितीही लांबवता येतं आणि कुठलाही प्रसंग त्यात बसतो. कामाचा प्रश्न तो, ज्याची निदान दोन उत्तरं शक्य आहेत आणि लेखकाला त्यातलं कोणतं खरं ते सुरुवातीला माहीत नाही. असा प्रश्न बहुतेक वेळा खर्ड्यात आधीच पडलेला असतो, तोही मधल्याच कुठल्यातरी वाक्यात, घाईघाईत लिहिलेला. लेखक तो लिहून पुढे गेलेला असतो. म्हणून खर्डा काही दिवस बाजूला ठेवून मग सलग वाचावा आणि आपण कुठे थबकलो त्या ओळीखाली रेघ मारावी. आपल्या उदाहरणात ती ओळ वेबिलाच्या प्रसंगात आहे: गाडीत एवढं बोलणारा माणूस घरी आला की गप्प का व्हायचा? थकून जायचा म्हणून, की घरच्यांशी बोलावंसंच वाटत नव्हतं म्हणून? दुसरं उत्तर मुलाला लागणारं आहे. प्रश्न खरा असल्याची ही चांगली खूण.

प्रश्न एका वाक्यात लिहून समोर लावला की प्रत्येक तुकड्याला एकच गोष्ट विचारायची. हा वाचण्याआधी वाचकाच्या मनात या प्रश्नाचं कोणतं उत्तर होतं, आणि वाचल्यावर कोणतं झालं? उत्तर जराही हललं नाही तर प्रसंग कितीही देखणा असो, या लेखात त्याला जागा नाही.

एसटीचा इतिहास पहिल्याच फेरीत जातो. माहिती अचूक आहे, पण तिच्याने घरातल्या गप्पपणाबद्दल काही कळत नाही. लेखकाने ती लिहिली ती बहुधा विषयात शिरायला धीर यावा म्हणून. खर्ड्याच्या पहिल्या पानावर असं पुष्कळदा सापडतं. संपाचा तुकडाही जातो, त्यात वडिलांची मतं आहेत आणि मतांवर वेगळा लेख होऊ शकेल. खाकी गणवेशाचा प्रसंग काढताना हात अडखळतो, कारण तो खरा आहे आणि दुखरा आहे. पण तिथे प्रश्न बदलतो: मला वडिलांची लाज का वाटली? हा वेगळ्या लेखाचा प्रश्न आहे, कदाचित जास्त चांगल्या लेखाचा. दोन प्रश्न एका लेखात राहिले तर वाचक दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत राहतो आणि ते येत नाही.

आता अवघड जागा. घाटातली रात्र लेखकाला मनापासून आवडते, आणि ज्याने ज्याने खर्डा वाचला त्याने तिचंच कौतुक केलं. पण तिच्यातून काय कळतं? वडील प्रवाशांना जपत होते, हे. तेच पाटणच्या म्हातारीच्या थेंबांनी आधी सांगितलं आहे, तेही थोडक्यात आणि जास्त नेमकं. लांबलेल्या लेखांमधला मोठा भार असा जोडीचा असतो. दोन प्रसंग वरवर अगदी वेगळे, एकात पाऊस आणि दरड, दुसऱ्यात औषधाची बाटली, पण प्रश्नाच्या बाजूने पाहिलं तर दोघांचं बोलणं एकच. अशा वेळी कोणता जास्त थरारक हे पाहू नये. थोड्या शब्दांत आणि थोड्या पात्रांत कोणतं काम होतं ते पाहावं. थेंबांचा प्रसंग राहतो.

तरी घाटाचा तुकडा पूर्ण जात नाही, आणि इथे कापणाऱ्याने घाई करू नये. त्या सहाशे शब्दांच्या शेवटी दोन ओळी आहेत, ज्यांच्याकडे लेखकाचंही लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील घरी आले, हातपाय धुऊन झोपले, आणि त्या रात्रीबद्दल कुणालाही काही बोलले नाहीत. घरच्यांना ती हकिकत कळली ती काही आठवड्यांनी, बाजारात भेटलेल्या एका प्रवाशाकडून. प्रश्नाला भिडतात त्या या ओळी. मग चहा, भाकरी, पाऊस, अंधार, घाबरलेली मुलं हे सगळं जातं. ‘घाटात दरड कोसळून गाडी रात्रभर अडकली होती’ एवढं एक वाक्य राहतं, आणि त्यानंतर घरातली ती दुपार, आता मात्र थोडी सावकाश लिहिलेली. सहाशेचे एकशे वीस. पुष्कळ प्रसंगांच्या बाबतीत असंच होतं. घटना सांगताना शब्द खर्च होतात आणि प्रश्नाच्या कामाची असते ती घटनेनंतरची एखादी हालचाल.

बाल्डविननेही हेच केलं आहे. न्यू जर्सीतलं ते वर्ष त्याने भराभर उरकलं. प्रिन्स्टनच्या एका हॉटेलात तो तीनदा जाऊन खाऊन आला आणि चौथ्या खेपेस त्याला कळलं की आपल्याला तिथे कधी कुणी वाढलंच नव्हतं, आपणच काउंटरवरचं उचलत होतो. एवढी बोलकी गोष्ट तो काही ओळींत सांगून पुढे जातो. बाकीच्या हॉटेलांतले नकार त्याहून थोडक्यात येतात. थांबतो तो फक्त शेवटच्या रात्री, कारण तिथे पहिल्यांदा त्याचा स्वतःचा हात उठला.

वेबिलाचा प्रसंग कापायचा नाही, उलट वाढवायचा. तीनशेचे तीनशे ऐंशी. लेख आखूड करताना काही ठिकाणी शब्द वाढतात याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं, पण प्रश्न जिथे उभा राहतो ती जागा खर्ड्यात हमखास घाईत उरकलेली असते. अकरा रुपये म्हणजे त्या घरात काय, पेन्सिलीचे आकडे कुठे खोडले होते, आईने भांडी वाजू नयेत म्हणून काय केलं, हे तिथे यायला हवं. त्याने एक उत्तर तयार होतं: माणूस दिवसभराच्या हिशेबाने पिळून निघत होता, म्हणून गप्प होता.

हे उत्तर सोयीचं आहे. म्हणूनच सातवा तुकडा अत्यावश्यक ठरतो. निवृत्तीनंतर वेबिल नाही, तूट नाही, थकवाही नाही, तरी वडील रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन गप्पा मारतात आणि घरी परतले की पुन्हा गप्प. आधीचं उत्तर इथे मोडतं. लेख कापताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते अशा प्रसंगांचं. प्रश्न सापडल्याच्या आनंदात लेखक त्याचं एक आवडतं उत्तर धरतो आणि त्याला पुष्टी देणारे प्रसंग ठेवून आडवे येणारे काढतो. लेख आटोपशीर होतो, पण तो वडिलांच्या बाजूने केलेल्या वकिलीसारखा वाटू लागतो. हे ओळखायचं कसं? उरलेले प्रसंग एकेका ओळीत लिहून त्यांच्यामध्ये ‘आणि’ घालून वाचावेत, मग ‘पण’ घालून. एकाही जागी ‘पण’ बसला नाही, तर काहीतरी जास्तीचं कापलं गेलंय. सातवा तुकडा सैल आहे, चारशेचा तीनशे होईल, पण राहील.

आठव्यात भेटायला आलेली सगळी माणसं नकोत. वडील किती चांगले होते हे वाचकाला थेंबांपासून ठाऊक आहे. पण त्यातला एकजण लेखकाला म्हणतो, ‘तुमच्या दहावीचे मार्क आम्हा साऱ्या गाडीला पाठ होते.’ घरी न बोलणारा माणूस गाडीत घराबद्दल बोलत होता, हे उत्तर आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ते प्रश्न पूर्ण मिटवत नाही, मुलाला थोडं सुख देतं आणि थोडी हळहळही. त्या एकाच माणसाला अडीचशे शब्द द्यावेत.

आता बेरीज पाहू. थेंबांचा प्रसंग पाचशेवरून साडेतीनशे, घाटानंतरची दुपार एकशे वीस, वेबिल तीनशे ऐंशी, स्टँड तीनशे, भेटायला आलेला माणूस अडीचशे. चौदाशे झाले. उरलेले दोनशे सुरुवातीला आणि सांध्यांना लागतील.

ही पद्धत सगळ्या लेखांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. या प्रकाराचा आद्य लेखक मानला जाणारा फ्रान्सचा माँतेन याने 1580 साली आपले निबंध छापले आणि पुढे आयुष्यभर त्यांत भर घालत राहिला. छापील प्रतीच्या समासातसुद्धा त्याने नवा मजकूर लिहिला. त्याचे निबंध भटकतात आणि भटकण्यातच त्यांची गोडी आहे. मराठीत ना. सी. फडक्यांनी रुजवलेल्या गुजगोष्टींचा बाजही गप्पांचा होता. तिथे मन कुठून कुठे जातं हेच वाचायचं असतं, आणि प्रश्नाची चाळणी लावली तर हाती कोरडा सांगाडा येईल. पण ज्या लेखात लेखकाला कुणाबद्दल, कशाबद्दल तरी काही समजून घ्यायचं आहे, त्याला ती लावावीच लागते. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख अगदी छोटा आहे. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून केवढा तरी अनुभव बाईंच्या गाठीशी होता, पण त्या आयुष्याची जंत्री तिथे नाही. सभेत करून दिलेली ओळख आणि रस्त्यात मुलाच्या वर्गमित्रांच्या तोंडून कानावर पडलेली ओळख, यांत आपली ओळख पूर्ण कशाने होते हा प्रश्न येतो, आणि तेवढ्यावर लेख उभा आहे.

कापून झाल्यावर दुरुस्ती उरते आणि ती कंटाळवाणी असते. आपल्या उदाहरणात गाडीचा ड्रायव्हर पहिल्यांदा घाटाच्या प्रसंगात आला होता. तो भाग गेल्यावर स्टँडच्या प्रसंगात त्याचं नुसतं नाव येतं आणि वाचकाला तो कोण हे कळत नाही. कराड–चिपळूण हा मार्गही एसटीच्या इतिहासाच्या तुकड्यात सांगितला होता. तो आता थेंबांच्या प्रसंगात कुठेतरी सांगावा लागेल. ‘त्यानंतर’, ‘त्याच वर्षी’, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे शब्द शोधून ते अजून कशाकडे बोट दाखवतात ते तपासावं. सांधण्यासाठी नवं स्पष्टीकरण लिहायचा मोह होतो. ते शक्यतो टाळावं, कारण दोन प्रसंग योग्य क्रमाने शेजारी आले तर वाचक मधली उडी स्वतः घेतो. थेंबांनंतर लगेच वेबिल आलं की ‘पण घरी मात्र वेगळं होतं’ हे वाक्य लिहावं लागत नाही.

शेवटी खर्डा न वाचलेल्या एखाद्या माणसाला नवा लेख द्यावा. आवडला का, असं विचारू नये. लेखकाला यात काय शोधायचंय असं वाटतं, ते एका वाक्यात सांगायला लावावं. तो म्हणाला, ‘एसटी कामगारांचे कष्ट,’ तर वेबिलाचा प्रसंग वाढवताना पैशांचा ताण जास्त झालाय आणि आईची ती भांडी कमी पडलीत. तो म्हणाला, ‘वडील घरी का बोलत नव्हते,’ तर लेख अंकाकडे पाठवायला हरकत नाही. घाटातल्या रात्रीचे सहाशे शब्द वेगळ्या फाइलमध्ये तारखेसह ठेवून द्यावेत. खाकी गणवेशाचा तुकडाही तिथेच ठेवावा, वर त्याचा प्रश्न लिहून.